पडदा नवा, चावी जुनी

माझ्या वडिलांची उजव्या हाताची दोन बोटे पॉवर प्रेसखाली गेली. म्हणून हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या प्रेसला पीएलसी, टचस्क्रीन आणि नवा ड्राइव्ह बसवायचे काम आले, तेव्हा मी ते आनंदाने घेतले.

मालक म्हणाले, "भाऊ, पायाचे पॅडल काढा, दोन बटणं लावा. दोन्ही हात बटणावर असले म्हणजे बोटं जातील कशी?"

मलाही आधी तसेच वाटले. पण ही प्रेस चावीच्या क्लचची होती. हिचे फ्लायव्हील सतत फिरत असते. पॅडल दाबले की चावी फ्लायव्हीलच्या खाचेत पडते, आणि मग एक पूर्ण फेरा झाल्याशिवाय रॅम थांबत नाही. मधेच लाल बटण दाबले तर मोटार बंद होते, पण फ्लायव्हीलमधला जोर रॅमला खाली नेतोच. पीएलसी तिथे काही करू शकत नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. प्रेस मिनिटाला ६० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला एक सेकंद. खाच एकच, म्हणून चावी पडायला जास्तीत जास्त एक सेकंद आणि रॅम खाली यायला अर्धा. माणसाचा हात सेकंदाला १.६ मीटर जातो असे धरतात. म्हणजे बटणे डायपासून २.४ मीटर दूर हवीत. जवळ लावली, तर बटण दाबूनही हात डायमध्ये पोचू शकतो.

मालक म्हणाले, "मग ड्राइव्हवर वेग कमी करा." पण ४० फेऱ्यांवर तो वेळ सव्वादोन सेकंद होतो आणि अंतर ३.६ मीटर. शिवाय फ्लायव्हीलचा जोर निम्म्याहूनही कमी होतो आणि पंच पत्र्यात अडकून बसतो.

शेवटी डायभोवती जाळीचा पक्का गार्ड बोल्टने बसवला. पत्रा सरकेल, पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवली. लाल बटणाची वायर पीएलसीतून न नेता वेगळ्या सेफ्टी रिलेवर घेतली. पीएलसी आता नग मोजतो आणि बटण धरून ठेवले तरी एकदाच सिग्नल देतो. मात्र क्लचची स्प्रिंग तुटली, तर सिग्नल नसतानाही रॅम खाली येऊ शकतो. म्हणून ती स्प्रिंग तपासायची तारीख मी पॅनेलवर लिहून ठेवली.

तिथला पोरगा चकचकीत पडदा पाहून म्हणाला, "दादा, आता गार्ड कशाला?" मी त्याला वडिलांच्या हाताबद्दल सांगितले.

तुमच्या घरचे कोणी प्रेसवर असेल, तर आज संध्याकाळी एवढेच विचारा: रॅम अर्ध्यावर थांबतो का? उत्तर 'नाही' असेल, तर पडदा कितीही नवा असो, गार्डशिवाय हात आत घालू देऊ नका.