पाच गोलांनंतरचे पत्र

पराभूत संघाच्या कर्णधाराला धीर देणारे पत्र लिहिणे वाटते तितके सोपे नाही. अशा पत्राचा लेखक बहुधा भविष्यकाळाचा आश्रय घेतो. ‘पुढच्या वेळी आपण नक्की जिंकू’ असे तो लिहितो आणि ज्याचे खांदे आधीच वाकले आहेत त्याच्यावर आणखी एका विजयाचे ओझे ठेवतो.

30 सप्टेंबर 1975 रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा 5-0 असा पराभव केला, तेव्हा मी कोलकात्यातल्या एका मराठी घरातला पंधरा वर्षांचा मोहन बागानभक्त होतो. या दोन संघांच्या लढतींतील सर्वांत मोठ्या फरकाचा विजय आजही तोच आहे. संतप्त जमावाला चुकवण्यासाठी बागानच्या काही खेळाडूंनी ती रात्र गंगेतल्या होडीत काढली. एका तरुण चाहत्याने आपले जीवनच संपवले. पुढील जन्मी बागानचा खेळाडू होऊन या पराभवाची भरपाई करीन, असे त्याने मागे लिहून ठेवले होते. भविष्यातल्या विजयावर सारे प्रेम टांगून ठेवले की ते कुठवर जाते, हे त्या चिठ्ठीत दिसते. तिच्याकडे पाठ फिरवणारे पत्र कसे असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्यासाठी मी एकच अट घातली आहे: सामना संपला तेव्हा जे ठाऊक होते तेवढ्याच्याच बळावर ते लिहायचे.

‘कर्णधार दादा, सप्रेम नमस्कार.

नशीब आडवे आले असे मी म्हणणार नाही. पाचव्या मिनिटाला सुरजित सेनगुप्तने गोल केला, चोविसाव्याला श्याम थापाने, अडतिसाव्याला रणजित मुखर्जीने. मध्यंतरापूर्वीच तीन गोल झाले. एक्कावन्नाव्या मिनिटाला थापाने चौथाही केला. ते सरस खेळले. 1970 पासून सलग सहा वर्षे लीग जिंकणाऱ्या संघाकडून आपण हरलो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

मात्र चौथ्या आणि पाचव्या गोलांमधला काळ कुणी मोजत नाही. शुभंकर सान्यालने पाचवा गोल केला तो चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला. म्हणजे जिंकण्याची आशा संपल्यानंतर तेहेतीस मिनिटे तुम्ही एकही गोल होऊ दिला नाही. त्या तेहेतीस मिनिटांत मिळवण्यासारखे काही उरले नव्हते, तरी तुम्ही मैदानावर उभे होता. संघाचे मन खचू नये अशी विनंती करायला मी बसलो आहे. पण ते पुरते खचले नव्हते, याची साक्ष ही मिनिटेच देतात. ती तुमच्या साथीदारांना मोजून दाखवा.

दुसरी गोष्ट भास्कर गांगुलीची. चार गोल झाल्यावर त्याला बाहेर बोलावून प्रशांत मित्रला उभे केले. आता गावभर एकच नाव घेतले जाईल. गोलरक्षकाच्या मागे फक्त जाळे असते, त्यामुळे दहा जणांच्या चुका त्याच्याच नावावर जमा होतात. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचला तो कुणाकुणाला ओलांडून, हे तुम्ही जाणता. ते त्याला सर्वांसमक्ष सांगा. तुमच्या कर्णधारपदाचे या आठवड्यातले काम एवढेच आहे.

पुढचा सामना जिंका, अशी मागणी मी करीत नाही. तुम्ही उतराल त्या दिवशी मी येईन.’

पत्र इथेच संपते. त्याच्या पलीकडचे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याला ते ठाऊक आहे. ईस्ट बंगालचे त्या दिवशीचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी 1976 मध्ये बागानकडे आले. त्याच वर्षी बागानने लीग जिंकून ईस्ट बंगालची सहा वर्षांची मालिका खंडित केली, आणि 1977 मध्ये शील्ड, दिल्लीचा ड्युरंड करंडक व मुंबईचा रोव्हर्स करंडक हे तिन्ही मिळवले. भास्कर गांगुली पुढे ईस्ट बंगालकडून खेळला आणि 1982 च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत भारताचा कर्णधार झाला.

हे सारे मी मुद्दाम पत्राबाहेर ठेवले. नंतरच्या यशाने त्या तेहेतीस मिनिटांचे मोल वाढत नाही, आणि ते यश आले नसते तरी ते घटले नसते. गांगुलीला दोष न देण्याचे कारणही तो पुढे देशाचा कर्णधार झाला हे नव्हे. तो त्या दिवशी अकरांतला एक होता, हे आहे. धीर द्यायचा तो घडून गेलेल्यातूनच. चाहत्याच्या हाती तेवढेच असते, आणि कर्णधारालाही विश्वास ठेवता येतो तो तेवढ्यावरच.