घाम म्हणजे पाणी नव्हे!

गेल्या शनिवारी तापकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्या दादांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "ताई, तो टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका बघा." बघितलं तर इअरबड ज्या सोनेरी ठिपक्यावरून चार्ज होतो, त्यावर हिरवट थर! तांब्याच्या कळशीच्या सांध्यात धरतो ना, अगदी तोच. तेव्हापासून मला दुसरं काही सुचतच नाहीये.

कारण खोक्यावर ठसठशीत छापलं होतं, आयपीएक्स-५! मी ते 'वॉटरप्रूफ' असं वाचलं आणि जिममध्ये, पावसात, सगळीकडे बिनधास्त वापरले. मग डावा बड चार्ज होईना. उजवा शंभर टक्के, डावा शून्य. म्हणून तर दादांकडे गेले होते.

घरी येऊन त्या अक्षरांमागचं मानक वाचायला बसले आणि रात्रीचा एक कधी वाजला कळलंच नाही. आयईसी ६०५२९ हे त्याचं नाव. आपल्याकडेही ते भारतीय मानक म्हणून घेतलेलं आहे. त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. पहिल्याच्या जागी एक्स असला, तर धुळीबद्दल काहीही सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ! आणि पाच म्हणजे काय? ६.३ मिलिमीटरच्या तोंडाची नळी, अडीच-तीन मीटरांवरून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा, निदान तीन मिनिटं. चार म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवणं. आणि ऐका, सात मिळालेल्या वस्तूला पाचचा फवारा झेपेलच असं मानक म्हणत नाही. त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत!

पण मी थबकले ती वेगळ्याच जागी. या सगळ्या परीक्षा साध्या, गोड्या पाण्याच्या. घाम त्यात कुठेच नाही! मीठ नाही, त्वचेचं तेल नाही, साबण नाही.

मग मी स्वयंपाकघरात प्रयोग केला. दोन वाट्या, एकीत साधं पाणी, दुसरीत मीठ घातलेलं. दोन पेन्सिल सेल जोडून तांब्याच्या तारांची टोकं आधी साध्या पाण्यात बुडवली. काही मिनिटं बघत बसले, जवळजवळ काहीच घडलं नाही. मिठाच्या पाण्यात बुडवली, तर लगेच बुडबुडे, आणि थोड्या वेळात पाणी गढूळ, पिवळट-हिरवट! तार माझ्या डोळ्यांदेखत विरघळत होती.

हेच माझ्या डबीत रोज घडत होतं. व्यायाम संपला की घामेजलेले बड तसेच डबीत टाकायचे, झाकण बंद. आत ओल कोंडायची, आणि त्याच क्षणी चार्जिंगचा प्रवाह सुरू व्हायचा. ठिपक्यावरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो एकदा कुठे उडाला की खालचा धातू खाल्ला जातो. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं हे आजीला माहीत होतं. इथे तर वर वीजही जोडलेली!

आणि ती डबी? मी खोकं पुन्हा पाहिलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा आकडा फक्त बडसाठी आहे. डबीला काहीच नाही. काही कंपन्या डबीलाही आकडा देतात, पण तो वेगळा लिहिलेला असतो, शोधावा लागतो. म्हणजे पावसात कानातले बड सुरक्षित, आणि ओल्या खिशातली त्यांची डबीच उघडी पडलेली!

शिवाय आकडा नव्या वस्तूचा असतो. जाळीभोवतीचा गोंद, रबरी कडा वापरून, पडून, उन्हात तापून सैल होतात, आणि खोक्यावरचा आकडा मात्र तसाच राहतो. गरम वाफ तर या परीक्षांत येतच नाही, म्हणून बाथरूममध्ये शॉवर चालू असताना मी आता बड कानात ठेवत नाही.

दादांनी ठिपका हलक्या हाताने साफ केला, डावा बड पुन्हा बोलू लागला. "या वेळी वाचला," ते म्हणाले. मी आता जिममधून आले की आधी साध्या पाण्यात ओलसर केलेल्या फडक्याने मीठ पुसते, मग कोरड्या सुती कापडाने, जाळी खाली करून. अर्धा तास बाहेर, पंख्याखाली. हेअर ड्रायर नाही, तांदळाचा डबाही नाही, कारण त्याची पूड जाळीत जाते. अधूनमधून डबीतल्या पिनाही पुसते.

तुमची डबी आत्ताच उघडा, दिव्याखाली धरा आणि त्या सोनेरी ठिपक्यांवर हिरवं किंवा काळं काही दिसतंय का, ते बघा.