ढाळ नसलेल्या घरातला संडास

सोयगावच्या जुन्या गल्लीतली धाब्याची घरं उभी राहिली तेव्हा संडास घरात असावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अजिंठ्याच्या डोंगराखालचं हे गाव, काळी माती, पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल. बायका पहाटे तोंड दिसायच्या आत तांब्या घेऊन गावाबाहेर पडायच्या आणि दिवस उजाडला की दिवसभर कळ सोसायच्या. काही वाड्यांत परसाच्या टोकाला संडास आला, पण तो घरापासून जितका लांब तितका बरा, अशीच समजूत होती. रात्री माणूस उठला की कंदील, काठी, तांब्या, आणि म्हाताऱ्या माणसाला सोबत कुणीतरी. माझी आजी संध्याकाळी सातनंतर पाणी प्यायची नाही. ते तिचं वय झाल्यामुळे असावं असं आम्हा पोरांना वाटायचं. खरं कारण परसातला अंधार होता.

त्या काळी जागा ठरवायचा तो ढाळ. आमच्याकडे गवंडी मिस्त्री पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन भिंतींना लावायचा आणि पाण्याची रेघ बघून सांगायचा, ‘‘इथं नाही बसणार भाऊ, पाणी मागं येईल.’’ त्याच्या शब्दापुढे कुणाचं चालत नसे. मैला पाण्याबरोबर खालीच जाणार, म्हणून खड्डा खाली आणि बैठक वर. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानाचे बारा हजार रुपये मिळाले आणि गावागावांत दोन शोषखड्ड्यांचे संडास झाले, तेही याच नियमाने. एक खड्डा भरला की दुसऱ्याकडे वळवायचं, पहिला सुकू द्यायचा. तांब्या-दीड तांब्या पाण्यात काम भागायचं, वीज लागत नव्हती, आणि आत काय पडलं याची तो खड्डा चौकशी करत नव्हता. काडेपेटीची काडी, पुडीचा कागद, चुकून गेलेला चमचा, सगळं पोटात घ्यायचा.

आता त्याच घरांत वेगळीच अडचण आहे. दर काही वर्षांनी रस्त्यावर काँक्रीटचा एक थर चढला आणि घरं खाली गेली. परसातल्या सेप्टिक टाकीला पावसाचं पाणी शिरू नये म्हणून तिचीही कड उचलली गेली. आमच्या माजघराची जमीन आज टाकीच्या तोंडापेक्षा फूटभर खाली आहे, आणि आईचा पलंग त्याच माजघरात आहे. गुडघ्याच्या दुखण्याने तिला परसापर्यंत जाता येईना, तेव्हा पलंगाशेजारच्या कोठीत संडास करायचं ठरलं. मिस्त्रीने पुन्हा पाण्याची नळी लावली. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत निदान फूटभर उतार लागतो. आमचं अंतर तीस फूट, म्हणजे नऊ इंच. वर टाकीचं तोंड फूटभर उंच. एकूण पावणेदोन फूट कमी पडत होते. कोठी पावणेदोन फूट उचलली तर आईला तीन पायऱ्या चढाव्या लागणार, आणि पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून तर हा सगळा खटाटोप.

अशा ठिकाणी जी मशीन बसवतात ती आपल्याकडे शहरांतल्या तळघरांत आणि जुन्या इमारतींत दिसते. फ्रान्सच्या एसएफए कंपनीने १९५८ मध्ये ती पहिल्यांदा काढली. आता अनेकांची मिळते. कमोडच्या पाठीमागे एक बंद पेटी बसते. फ्लशचं पाणी आणि मैला तीत आला की पातळी वाढते, आतल्या नळीतली हवा दाबली जाते, तो दाब रबरी पडद्याला लागतो आणि पडदा मोटरचं बटण दाबतो. पाती मैल्याचा पातळ गाळ करतात आणि पंप तो साधारण इंचभर नळीतून वर ढकलतो. पेटी रिकामी झाली की मोटर आपोआप बंद. नळीच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप असते, म्हणून वर गेलेलं परत पेटीत येत नाही. चार इंची पाइपाचं काम एवढ्याशा नळीतून होतं, पण मैला आधी बारीक होतो म्हणूनच होतं. पाती थकली की नळी तुंबलीच.

ताकदीला मर्यादा आहे. घरगुती मशीन सरळ वर चार-पाच मीटर चढवते आणि आडवं शंभर मीटरपर्यंत नेते असं कंपन्या सांगतात, पण दोन्ही एकाच वेळी नाही. ठोकताळा असा, की एक मीटर वर चढवलं की आडव्या पल्ल्यातले सुमारे दहा मीटर कमी होतात. आमच्याकडे दोन मीटर चढ आणि नऊ मीटर आडवं, म्हणजे मशीनवर ताण नाही. पण क्रम महत्त्वाचा. आधी पेटीच्या जवळच नळी सरळ वर न्यायची, मगच आडवी, आणि आडव्या नळीला टाकीच्या दिशेने मीटरमागे सेंटिमीटरभर उतार द्यायचा. आधी आडवं आणि शेवटी चढ केला तर मोटर बंद होताच सगळ्या नळीतला गाळ मागे येऊन झडपेवर बसतो. काटकोनी वळण टाळून दोन अर्धी वळणं घ्यायची. उंचावरून टाकीकडे नळी उतरते तिथे पाण्याचा ओघ पेटीतलं पाणी ओढून नेऊ शकतो, म्हणून सगळ्यात वरच्या जागी हवा आत घेणारी झडप लावली. आणि नळीचं तोंड थेट सेप्टिक टाकीत सोडलं नाही. टाकीच्या आधीच्या चेंबरमध्ये सोडलं, म्हणजे पंपाचा जोर तिथेच मोडतो आणि टाकीत खाली बसलेला गाळ ढवळला जात नाही.

भारतीय बैठकीला ही मशीन जमत नाही, कारण बैठकीचं तोंड जमिनीखाली उघडतं आणि पेटी जमिनीवर बसते. कमोडही मागे तोंड असलेला, म्हणजे पी ट्रॅपचा लागतो. खाली तोंड असलेला आणून ठेवलेला कमोड आमच्या ओळखीतल्या एकांना परत करावा लागला. बेसिन जोडता येतं. आंघोळीचं पाणी आम्ही जोडलं नाही, ते मोरीतून पूर्वीसारखं नालीला जातं. जोडायचं तर न्हाणीची जमीन उचलावी लागते, आणि साध्या मशीनला गीझरचं कडक पाणी सोसत नाही.

आत काय जाऊ द्यायचं, याची यादी सगळ्यात आखूड आहे. शौच, लघवी, पाणी आणि वापरत असाल तर साधा टॉयलेट पेपर. एवढंच. जेवणाच्या टेबलावरचा टिश्यूसुद्धा नाही, तो पाण्यात विरघळत नाही. पॅड, डायपर, कापूस, केस, दातांत घालायचा दोरा, ओले वाइप्स यांतलं काही नाही. पाकिटावर ‘फ्लश करता येतं’ लिहिलेलं असलं तरी नाही. खरकटं, तेल, रंग, थिनर नाही. घरातल्या बायकांना मी एक गोष्ट निक्षून सांगितली: कमोड घासायला भरलेली बादली एकदम ओतायची नाही, मोटरच्या वेगापेक्षा पाणी जास्त आलं तर ते कमोडमध्ये चढतं. आणि हातगाडीवरचं ॲसिड घरात आणायचंच नाही. ते परसातल्या फरशीला चालत होतं, इथे रबर आणि पडदा खातं. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने पेटीत थर चढतो, तो दाबाच्या नळीच्या तोंडाशी बसला की मोटर सुरू होत नाही किंवा थांबतच नाही. त्यासाठी मशीनच्या पुस्तकात सांगितलेलं क्षार काढायचं औषध वीज बंद करून घालायचं आणि सांगितलेला वेळ ठेवायचं.

दिवाळीत पाहुणे आले तेव्हा एकीने बाळाला पुसून वाइप आत टाकला. कडक वस्तू पडली की पेटी खडखड करते आणि लगेच कळतं. वाइप काहीच आवाज करत नाही. तो पात्यांभोवती गुंडाळला गेला, त्यावर केस अडकले आणि दुसऱ्या दिवशी मोटर नुसती गुणगुणायला लागली, फिरेना. ही खूण ओळखायला शिकावं. नेहमी काही सेकंदांत थांबणारी मोटर अर्धा मिनिट चालू राहिली तर नळीत अडथळा आहे. कुणी आत नसताना ती अधूनमधून आपोआप सुरू होत असेल तर फ्लशच्या टाकीचा कॉक गळतो आहे किंवा झडप नीट बसत नाही. नुसती गुणगुणली तर पाती अडकली आहेत आणि लगेच प्लग काढायचा.

प्लंबर आला. त्याने प्लग काढला, पेटीतलं पाणी उपसलं, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातले आणि झाकण उघडून वाइपची पिळलेली दोरी ओढून काढली. दोरीत गुटख्याच्या पुडीचा चंदेरी तुकडाही होता. मला ते बघवलं नाही. आमच्या लहानपणी टोपलीचे संडास होते त्या गावांत हेच काम एका जातीच्या माणसांवर पिढ्यान्पिढ्या लादलेलं होतं. १९९३ चा कायदा आणि त्यानंतर २०१३ चा अधिक कडक कायदा ते बंद करण्यासाठीच झाले. मशीन घरात आणून आपण पुन्हा कुणाला तरी त्यात हात घालायला लावत असू, तर ती आणल्याचा काय उपयोग? तेव्हापासून कमोडच्या बाजूला झाकणाची बादली आहे आणि पाहुण्याला आत जाण्याआधी दाखवली जाते. वहिनी ती न संकोचता दाखवते.

विजेचं काय, हे सगळे विचारतात. वीज गेली की पेटीत एखाद्या फ्लशपुरतीच जागा असते, त्यानंतर कमोड वापरायचा नाही. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत तर असं आहे, की घरात उताराने वाहणारा दुसरा संडास असेल तरच असा मशीनचा संडास चालतो. आम्ही परसातला संडास पाडला नाही. त्याला दिवा केला, पायवाटेला फरशी केली, दाराला हाताला धरायला दांडी लावली. मे महिन्यात वादळाने तारा तुटतात तेव्हा घरातले बाकी सगळे तिकडेच जातात आणि पेटीतली एका फ्लशची जागा आईसाठी राखून ठेवतात. मशीनला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारं आरसीसीबी लावलेलं आहे. ओल्या जागेत त्याशिवाय ती बसवूच नये.

गल्लीतली दोन-तीन घरं आता तशीच मशीन बसवायची म्हणतात. त्यांतल्या एकाच्या कोठीची जमीन टाकीच्या तोंडापेक्षा दीड फूट उंच आहे आणि अंतर वीस फूट. तिथे चार इंची पाइपाला लागणारा सहा इंचांचा उतार सहज मिळतो. त्यांना मी पाण्याची नळी लावून तो दाखवला आणि साधा संडास करा म्हणून सांगितलं.