मामांची जावक वही

गेल्या दिवाळीत चार दिवस मामांच्या गावी राहण्याचा योग आला. दुसऱ्या दिवशी दुपारी मामी फराळाचे डबे उतरवीत असता फळीवरून एक कापडी पुठ्ठ्याची वही खाली आली. वर मामांच्या वळणदार अक्षरात ‘जावक’ असे लिहिलेले होते. आत एकोणीस पत्रांच्या नकला, ओळीने क्रमांक घालून, तारीखवार चिकटविलेल्या. एकोणीसही पत्रे एकाच पत्त्यावर, माननीय जिल्हाधिकारीसाहेबांस, आणि एकोणीसांचाही विषय एकच: गावास एस. टी. गाडी मिळणेबाबत.

मामा 2006 साली शाळेतून निवृत्त झाले. गावात त्यांस गुरुजीच म्हणतात. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या सडकेने नायगाव मागे टाकले की नरसीच्या अलीकडे एक फाटा लागतो, आणि तेथून सहा किलोमीटर काळ्या रानातून आत गेले की त्यांचे गाव. या भागास सरकारी मोटार काही नवी नव्हे. निजामच्या रेल्वेखात्याने 1932 साली 27 गाड्या घेऊन मोटारसेवा सुरू केली, तेव्हा मुंबई इलाख्यात एस. टी.चे नावही नव्हते. तिकडची पहिली गाडी पुण्याहून नगरला 1948 साली गेली. पुढे 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि 1961 पासून आजचे महामंडळ आहे. तात्पर्य, मामांच्या लहानपणी जी सोय आडगावांसही हळूहळू मिळत गेली, ती त्यांच्या म्हातारपणी नाहीशी झाली.

ती अशी. गावात सकाळी एक व सायंकाळी एक अशा दोन फेऱ्या कित्येक वर्षे येत असत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत त्या थांबल्या. पुन्हा चालू होतात न होतात तोच 2021 च्या दिवाळीच्या सुमारास कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला. एप्रिल 2022 मध्ये तो मिटल्यावर सडकेवरच्या गाड्या धावू लागल्या, परंतु आमच्या फाट्याच्या आत काही गाडी वळली नाही. कोणी बंद केली असेही नाही. बंद झाल्याचा हुकूम कोठे नसल्यामुळे तो रद्द करा असे म्हणण्याचीही सोय राहिली नाही.

गाडी गेली तेव्हा तिच्या जागी काळीपिवळी जीप आली. पुरुषमंडळी तीत मागे लोंबकळून जातात. पण दहावीनंतर नायगावच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींचे काय? टाळेबंदीपूर्वी अशा अकरा मुली रोज जात. 2022 च्या जूनमध्ये चारच उरल्या. बारावीपर्यंत मुलींना एस. टी.चा पास मोफत असतो, जीपला भाडे पडते. पण भाड्यापेक्षाही त्या दाटीत वयात आलेली मुलगी बसवायला बापाचे मन धजत नाही. शेजारच्या सोप्यात राहणारी एक मुलगी मामांकडे गणित शिकायला येई. दहावीत तिला चांगले गुण पडले, आणि पुढच्या महिन्यात ती निंदणीला जाऊ लागली. मामांनी पहिले पत्र लिहिले ते त्या रात्री.

आदल्याच वर्षी तेलंगणात, रंगारेड्डी जिल्ह्यातील आठवीतल्या एका मुलीने गावची बंद पडलेली गाडी मिळावी म्हणून थेट सरन्यायाधीशांस पत्र लिहिले होते व गाडी परत आली होती. मामांनी ते वर्तमानपत्रात वाचले होते. ते म्हणत, “ती पोर सरन्यायाधीशांपर्यंत गेली. मी आपला जिल्ह्यापुरताच त्रास देतो.”

पहिली पाच पत्रे म्हणजे उत्तम निबंध आहेत. स्त्रीशिक्षणाचे महत्त्व, ग्रामोद्धार, सगळे काही त्यांत आहे. प्रत्येकास उत्तरही आले: आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे. मामांनी त्यातील शुद्धलेखनाच्या दोन चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून तेही वहीत चिकटविले.

येथे वाचकांस सांगितले पाहिजे की मामांची यात एक समजुतीची चूक होती, आणि ती बहुतेकांची असते. जिल्हाधिकारी म्हणजे जिल्ह्याचा धनी, त्याने मनात आणले की गाडी सुटते, असे आपण धरून चालतो. परंतु गाड्या त्यांच्या नव्हेत. त्या महामंडळाच्या, कोणती फेरी कोठे जाईल हे आगार व विभागाच्या पातळीवर ठरते. म्हणून मामांचे पत्र टपाल शाखेतून एका टेबलावर, तेथून विभाग नियंत्रकांकडे, तेथून आगारात जाई आणि ‘भारमान कमी असल्याने फेरी परवडत नाही’ असा शेरा घेऊन त्याच वाटेने उलट येई. एका फेऱ्यास सरासरी अडीच महिने लागत. ही सरासरी मामांनी स्वतः काढून समासात लिहिली आहे.

सहाव्या पत्राच्या वेळी कोणी त्यांस लोकशाही दिनाची वाट दाखविली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी लोकांची गाऱ्हाणी समक्ष ऐकतात. त्याआधी तालुक्याच्या लोकशाही दिनात अर्ज केलेला असावा लागतो. मामांनी ती पायरी पाळली, पंधरा दिवस आधी दोन प्रती दिल्या, आणि खिडकीवरूनच परतले. तेथे गाऱ्हाणे वैयक्तिक स्वरूपाचे असावे लागते. अख्ख्या गावाचे चालत नाही. खिडकीवरचा कारकून भला होता. तो म्हणाला, “गुरुजी, तुमचं वय पंचाहत्तर झालं ना? तुम्हाला एस. टी. फुकट आहे. मला गाडी नसल्यानं सवलत घेता येत नाही, असं लिहा. उद्या घेतो.”

युक्ती बिनतोड होती. पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांस 2022 च्या ऑगस्टपासून मोफत प्रवास आहे, आणि मोफत प्रवासासाठी मामांना सहा किलोमीटर चालावे लागत होते. पण मामांनी ते लिहिले नाही. मामी त्यावरून पुष्कळ रागावल्या. “गावासाठी मागायला लाज नाही, स्वतःसाठी मागायलाच कसली?” मामांचे म्हणणे असे की एकदा माझ्या नावाने मागितली की ती गुरुजींची गाडी होते, आणि गुरुजी गेले की गाडीही जाते. मला त्या वेळी हा निव्वळ हट्ट वाटला. आजही तो थोडासा हट्टच वाटतो.

कलाटणी मिळाली ती नायगावच्या स्थानकावर. तेथे एका वाहतूक नियंत्रकाने त्यांची नक्कल वाचली आणि विचारले, “गुरुजी, तुम्ही गाडी कशाला मागता? किलोमीटर मागा.” त्याचा अर्थ असा. नवी फेरी मागितली की एक गाडी, एक चालक, एक वाहक आणि त्यांचे कामाचे तास नव्याने काढावे लागतात. आगारात गाड्या अपुऱ्या असतात, म्हणून उत्तर ठरलेले. पण पलीकडच्या एका गावी मुक्कामास जाणारी गाडी रोज सकाळी साडेसातच्या सुमारास फाट्यावरून नायगावकडे जात होतीच, आणि सायंकाळी परतत होती. ती आत वळविली तर सहा किलोमीटर जाणे, सहा येणे. म्हणजे दोन्ही वेळचे मिळून चोवीस किलोमीटर आणि प्रत्येक वेळी अर्धा तास. एवढाच प्रश्न. “आणि माणसं मोजून द्या,” तो म्हणाला. “आमचं सगळं माणसांवर चालतं.”

माणसे मोजणे हे मामांच्या हातचे काम. चाळीस वर्षे हजेरीपट भरलेला माणूस! महिनाभर रोज पहाटे कोणाच्या तरी दुचाकीवर बसून ते फाट्यावर जात आणि छत्री घेऊन लिंबाखाली बसत. पहिल्या आठवड्याचा आकडा मात्र फार निराश करणारा निघाला: सकाळी सरासरी नऊ. नियंत्रकाने कागद पाहिला तेव्हा कळले की मामांनी फक्त पुरे भाडे देणारे धरले होते. विद्यार्थिनी मोफत, बायका 2023 पासून निम्म्या भाड्यात, म्हातारे फुकट. त्यांच्यामुळे महामंडळास काय मिळणार, असा त्यांचा प्रामाणिक हिशेब! वास्तविक सवलतीची रक्कम शासन महामंडळास भरून देते, तेव्हा ही माणसेही उतारूच. पुन्हा मोजल्यावर आकडा एकतीसवर गेला.

त्याशिवाय मामांनी एक दुसरी यादी केली, आणि मला वाटते खरे बळ तीत होते. फाट्यावर उभे राहून जे येतात तेवढेच मोजता येतात. जे घरीच राहिले ते दिसत नाहीत. शिक्षण सुटलेल्या सात मुलींच्या घरी जाऊन त्यांनी इयत्ता, सोडल्याचा महिना आणि वडिलांची सही घेतली. सह्या घेताना एका बापाने कागद बराच वेळ हातात धरून ठेवला व म्हटले, “गाडी आली तर धाडतो. लिहून घ्या.”

पंधरावे पत्र अवघे दीड पानांचे आहे. त्यात महत्त्व वगैरे काही नाही. दोन याद्या, ग्रामसभेचा ठराव, महाविद्यालयाच्या घंटेची वेळ आणि तीन विनंत्या: सदर फेरी आत वळविण्याबाबत महामंडळाचा अभिप्राय ठराविक मुदतीत मागवावा, रस्ता गाडीस योग्य आहे किंवा कसे याचा दाखला बांधकाम खात्याकडून घ्यावा, आणि दोघांनी एकाच दिवशी रस्ता पाहावा. जिल्हाधिकाऱ्यांस गाडी सोडता येत नाही, पण दोन खात्यांना एका जागी उभे करता येते व तारीख घालता येते. या वेळी उत्तर तीन आठवड्यांत आले, आणि त्यात तारीख होती.

पाहणीत तीन अडचणी निघाल्या. एके ठिकाणी लिंबाची फांदी टपाला लागत होती; ती गावाने दुसऱ्या दिवशी तोडली. गाडी वळविण्यास जागा नव्हती. शाळेपुढील उकिरडे हलवून ती केली, त्यात दोन भावकींचे भांडण झाले ते वेगळेच. तिसरी अडचण ओढ्यावरचा ठेंगणा नळकांडी पूल. पाणी पुलावर आले की गाडी पलीकडूनच माघारी जाईल, असे दाखल्यातच लिहून आले, आणि ते योग्यच आहे.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस गाडी आत आली. सात मुलींपैकी तीन पुन्हा जाऊ लागल्या. दोघींची तोवर लग्ने झाली होती. गणिताला येणारी मुलगी त्या तिघींत नाही. ती एका वर्षाने मागे पडली म्हणून संकोचली. मामा तिच्याविषयी फारसे बोलत नाहीत.

पहिल्या दिवशी मामा गाडीत बसले नाहीत. विद्यार्थी बसू द्या म्हणाले. आठवड्याने मामींना घेऊन नायगावास गेले, तेव्हा वाहकाने ओळखपत्र पाहून शून्य रुपयांचे तिकीट काढून दिले. तेही वहीत चिकटविलेले आहे.

फेरी महाविद्यालयाच्या दिवसांपुरती मंजूर आहे. रविवारी व सुटीत गाडी फाट्यावरूनच सरळ जाते. त्यामुळे दिवाळीत मी गेलो तेव्हा फाट्यापासून पिशव्या घेऊन चालतच गेलो. मामा अर्ध्या वाटेपर्यंत सामोरे आले होते. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी वही पुढे ओढली, कार्बनचा कागद नीट बसविला, क्रमांक वीस घातला आणि मला विचारले, “रविवारच्या बाजाराला जाणारी माणसं मोजायची, तर किती रविवार धरावे?”