पुसायचं बटण सापडेना

चोरीला गेलेला लॅपटॉप लांबूनच शोधता येतो, कुलूपबंद करता येतो, पुसूनही टाकता येतो, असं मी ऐकून होते. त्यामुळे कोल्हापूरहून मुंबईला जाताना रात्रीच्या गाडीतून बॅग गेली, तेव्हा लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार लिहून देता देताच मी मोबाइलवर account.microsoft.com/devices हे पान उघडलं. मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते. ग्राहकांची पॅन कार्डं, आधारच्या प्रती, बँकेचे उतारे असं सगळं त्या लॅपटॉपवर होतं. लॅपटॉप परत मिळो न मिळो, आतलं कुणाच्या हाती लागता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

पानावर माझ्या लॅपटॉपचं नाव होतं. Find My Device वर बोट ठेवलं, नकाशा उघडला आणि ठिपका दिसला तो राजारामपुरीत, आमच्याच गल्लीत. मला काही उमगेना. तक्रार घेणाऱ्या हवालदारांनाही मी तो नकाशा दाखवला. त्यांनी घरचा पत्ता पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पावतीवरचा अनुक्रमांक तेवढा विचारून घेतला.

उलगडा केला तो माझ्या भाच्याने, अक्षयने, फोनवर. "मावशी, तो ठिपका लॅपटॉप आत्ता कुठे आहे ते सांगत नाही. त्याने शेवटचं कुठून कळवलं, ते सांगतो. खाली वेळ बघ." वेळ आदल्या संध्याकाळची होती, घरचं वायफाय चालू होतं तेव्हाची. मोबाइलमध्ये सिम असतं, तो जाईल तिथे नेटवर्कला जोडला जातो. माझ्या लॅपटॉपमध्ये सिम नव्हतं. चोराने तो कुठल्या वायफायला जोडला तरच त्याचा ठावठिकाणा पुढे कळणार. मोबाइल चोरीला गेला की सरकारच्या सीईआयआर यंत्रणेत आयएमईआय क्रमांक देऊन तो देशभर बंद करता येतो. माझ्या लॅपटॉपला असा क्रमांकच नव्हता, त्यामुळे ती वाटही नव्हती.

मी Lock दाबलं. त्याचीही गत तीच. हुकूम माझ्याकडून सुटला, पण लॅपटॉप इंटरनेटवर येईल तेव्हाच तो त्याला पोचणार. मग पुसायचं बटण शोधू लागले. पान वरखाली केलं, मराठीतून इंग्रजीत करून पाहिलं. बटण सापडेना. "सापडणार नाही," अक्षय म्हणाला. "विंडोजच्या खासगी खात्यातून शोधता येतं, लॉक करता येतं, पुसता येत नाही. कंपन्या आपल्या लोकांना लॅपटॉप देतात, त्यांच्याकडे इंट्यून वगैरे व्यवस्था असते, तिथून पुसता येतं. मॅक असता तर ॲपलच्या फाइंड मायमधून पुसायचा हुकूम देता आला असता. पण तोसुद्धा मॅक इंटरनेटवर आला तरच पोचतो."

माझा धीर सुटला. तेव्हा त्याने एक वेगळंच पान उघडायला लावलं: account.microsoft.com/devices/recoverykey. तिथे माझ्या लॅपटॉपच्या नावापुढे 48 आकडी रिकव्हरी की होती, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती पाहिल्यावर त्याचा आवाज बदलला. "मग तुझी डिस्क एन्क्रिप्ट झालेली होती. ही की खात्यात पोचल्याशिवाय विंडोज होम ते संरक्षण चालूच करत नाही. तू मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलंस तेव्हाच ते आपोआप चालू झालं असणार."

मला वाटायचं, पासवर्ड होता म्हणजे आतलं सुरक्षितच. तसं का नाही, ते मुंबईत त्याच्या घरी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्याकडे एक जुना लॅपटॉप होता, पासवर्ड असलेला, पण एन्क्रिप्शन नसलेला. त्याने मागचे स्क्रू काढून आतली एसएसडी बाहेर काढली, यूएसबीच्या एका केसमध्ये बसवली आणि स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. फोल्डर उघडताना परवानगी नसल्याची एक पाटी आली. त्याने Continue दाबलं आणि सगळे फोटो, सगळी कागदपत्रं समोर. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. तो पासवर्ड त्या लॅपटॉपवरच्या विंडोजचा होता आणि ते विंडोज इथे सुरूच झालं नव्हतं. चहूकडे भिंती नसताना दाराला कुलूप लावावं, तसा तो प्रकार.

एन्क्रिप्ट केलेली डिस्क अशी जोडली, तर ती थेट 48 आकड्यांची की मागते. कीशिवाय आत आहे तो नुसता निरर्थक आकड्यांचा ढीग. म्हणजे चोराच्या हाती उरतं काय? लॅपटॉप चालू केला तर लॉगिनचा पडदा येतो, आणि पिन बऱ्याचदा चुकली की मदरबोर्डवरची टीपीएम चिप आणखी प्रयत्न करू देत नाही. मग तो विकण्यासाठी डिस्क फॉरमॅट करतो आणि नवं विंडोज टाकतो. मला लांबून जे पुसायचं होतं, ते अशा वेळी चोरच पुसतो. आणि नाही पुसलं, तरी कीशिवाय त्याला ते वाचता येत नाही.

यात एक फट राहते, तीही अक्षयने सांगितली. लॅपटॉप नुसता झाकण मिटून झोपवलेला असेल, तर डिस्क उघडायची किल्ली मेमरीत जागी असते. ती तिथून काढता येते हे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये मेमरीच्या चिप गार करून दाखवून दिलं होतं. गाडीतला भुरटा चोर हे करत बसणार नाही. तरी प्रवासात मी आता लॅपटॉप पूर्ण बंद करते. दुसरी फट जास्त जवळची आहे. रिकव्हरी की माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, म्हणजे ते खातं उघडेल त्याला डिस्कही उघडता येईल. म्हणून त्याच रात्री आम्ही त्या खात्याचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलला आणि सगळीकडून साइन आउट केलं. खात्यातून तो लॅपटॉप मात्र काढून टाकला नाही. काढला असता तर तो कधी इंटरनेटवर आला तरी कळलं नसतं.

नवा लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदाराने तो खात्याशिवाय, साध्या स्थानिक नावाने सुरू करून दिला. घरी येऊन मी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला आणि ही आज्ञा दिली:

```
manage-bde -status C:
```

उत्तरात Percentage Encrypted पुढे 100% होतं. मला हायसं वाटलं, पण अक्षयने खालची ओळ वाचायला सांगितली. तिथे Protection Off होतं. डेटा एन्क्रिप्ट झालेला, पण त्याची किल्ली त्याच डिस्कवर उघडी ठेवलेली. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर की खात्यात गेली आणि ती ओळ Protection On झाली.

चोरीला गेलेला लॅपटॉप अजून मिळालेला नाही आणि नकाशावरचा ठिपका राजारामपुरीतच आहे. तुमच्या लॅपटॉपवर लोकांची कागदपत्रं असतील, तर वरची आज्ञा आजच देऊन पाहा आणि दोन्ही ओळी वाचा. संरक्षण चालू असेल, तर ते 48 आकडे कागदावर उतरवून घरी ठेवा. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं, तर लॅपटॉप ते तुमच्याकडेही मागू शकतो. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका.