रोपे आणि रोपं

माझी मावशी नारायणगावजवळ टोमॅटोची नर्सरी चालवते. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलताना ती ‘रोपं’ म्हणते. कॅमेऱ्यासमोर उभी केली तेव्हा ती ‘रोपे’ म्हणाली. “नमस्कार शेतकरी बंधूंनो, आमच्या नर्सरीत दर्जेदार व निरोगी रोपे माफक दरात मिळतील.” हे वाक्य मावसभावाने कागदावर लिहून दिलं होतं. मावशीने ते एकही चूक न करता म्हटलं, पण ऐकताना शाळेतली प्रतिज्ञा आठवत होती.

पाठ केलेलं बोलणं कुठून ओळखू येतं, ते मी त्या दिवशी तीन ठिकाणी पाहिलं. पहिलं म्हणजे डोळे. पुढचा शब्द आठवताना ते क्षणभर वर जातात. दुसरं म्हणजे वजन. प्रत्येक शब्दावर सारखाच जोर येतो, कारण कुठला शब्द महत्त्वाचा हे बोलणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. तिसरी खूण खास मराठी आहे. लिहिताना आपण ‘रोपे’, ‘करावे’, ‘सदर’ लिहितो, बोलताना ‘रोपं’, ‘करायचं’, ‘हे’ म्हणतो. आपल्याकडे लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यांत एवढं अंतर आहे, की कागद हातात दिला की माणूस आपोआप दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात बोलायला लागतो.

मग कागद काढून घ्यायचा तर त्याच्या जागी द्यायचं काय? याचं एक उत्तर नारायणगावातच आहे. हे तमाशाचं गाव. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेवाले सुपारी द्यायला येतात. तमाशातल्या वगाची जुनी रीत अशी, की कथानक सगळ्यांना माहीत असतं, कोण काय मागायला आलाय आणि कोण अडवणार हे ठरलेलं असतं, पण संवाद बरेचसे तिथल्या तिथे सुचतात. सोंगाड्याची हजरजबाबी त्यातूनच येते. त्याला वाक्य दिलेलं नसतं, अडचण दिलेली असते.

मावशीच्या बाबतीत आम्ही तेच केलं. गिऱ्हाइकं रोज विचारतात ते तीन प्रश्न लिहून काढले : रोप किती दिवसांचं आहे? लावताना मुळी तुटली तर? बाजार राहील का? हे प्रश्न मावशीला दाखवले नाहीत, उत्तरं तर लिहिलीच नाहीत. तिच्या हातात एक ट्रे दिला आणि म्हटलं, “मावशी, तू रोपं काढत राहा.” हात रिकामे असले की माणसाला ते कुठे ठेवावेत कळत नाही आणि सगळं लक्ष स्वतःकडे जातं. हाताला रोजचं काम मिळालं की बोलणंही रोजच्यासारखं होतं.

प्रश्न कोण विचारतंय यानेही खूप फरक पडतो. आधी मी विचारले. मावशी मला समजावून सांगायला लागली, शहरातल्या भाच्याला सांगावं तसं, अगदी सोपं करून. मग शेजारच्या मळ्यातल्या एका काकांना बोलावलं. त्यांना खरोखरच त्या आठवड्यात लागण करायची होती. त्यांना मोबाईलच्या अगदी बाजूला उभं केलं, म्हणजे मावशी त्यांच्याकडे बघून बोलेल आणि पाहणाऱ्याला तिचा चेहरा नीट दिसेल. मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. काकांनी मुळीचं विचारल्याबरोबर मावशी म्हणाली, “तुटंल कशी? आधी ट्रे भिजवा ना! कोरडा ट्रे उपटायला जाता आन् मग म्हणता रोप बसलं. खालून बोट लावा, गड्डी अख्खी वर येती.” आणि बोलता बोलता तिने रोप काढून दाखवलं. २५ दिवसांचं रोप, खाली पांढऱ्या मुळ्यांनी घट्ट विणलेली कोकोपीटची गड्डी.

काका येण्याआधीच रेकॉर्डिंग चालू केलं होतं. ‘चला, सुरू’ म्हटलं की पाठ ताठ होते, म्हणून ते म्हणायचंच नाही. उत्तर संपल्यावरही दोन-तीन सेकंद गप्प राहायचं. समोरचा गप्प राहिला की माणूस आपणहून पुढे बोलतो, आणि कामाचं वाक्य पुष्कळदा तिथे येतं.

एका उत्तराच्या वेळी मागे पाण्याची मोटर चालू झाली. ते परत घ्यावं लागलं. अशा वेळी ‘मघाशी बोललीस तसंच बोल’ म्हणू नये. मग ती स्वतःचीच वाक्यं आठवायला लागते, म्हणजे कागद परत आलाच. आम्ही काकांना प्रश्न फिरवायला सांगितला : “पण मावशी, भिजवलेला ट्रे टेम्पोत गळतो, त्याचं काय?” उत्तर नवं आलं, मुद्दा तोच राहिला. माइक आधी पदराला लावला होता, तो घासून खरखर येत होती. मग खांद्याच्या पिनेपाशी, हनुवटीपासून वीतभर खाली लावला. शेवटी नुसत्या हातांचे आणि ट्रेचे दहा-दहा सेकंदांचे शॉट घेतले. दोन उत्तरं जोडताना सांधा झाकायला तेच लागतात.

नर्सरीत काम करणारा पोरगा मात्र प्रश्नांना ‘हो’ आणि ‘नाय’च्या पुढे जाईना. तिथे वगाची रीत पूर्ण वापरली. काकांच्या कानात सांगितलं, दहा रोपं वर मागा. पोराच्या कानात सांगितलं, दोनच्या वर द्यायची नाहीत. एकाला काय सांगितलंय ते दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. पुढची दोन मिनिटं दोघं असे घासाघीस करत होते, की पोरगा कॅमेरा विसरला.

‘कोर्ट’ (२०१४) या सिनेमात चैतन्य ताम्हाणेने शाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत वीरा साथीदार यांना घेतलं. ते व्यावसायिक नट नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते होते. त्या माणसाला काय बोलायचं हे माहीत होतं, बोलायची सवयही होती. आपल्या छोट्या व्हिडिओलाही तेच लागू आहे. ज्याला जे ठाऊक आहे, त्यालाच ते विचारावं. मात्र दर, औषधाचं प्रमाण, बुकिंगची तारीख असं अचूकच हवं ते कुणाच्याही तोंडी देऊ नये, पडद्यावर अक्षरांत लिहावं.

या पद्धतीत एक धोका आहे. कागदावरचं वाक्य आधी तपासलेलं असतं, सहज बोललेलं नसतं. काकांनी बाजाराचं विचारलं तेव्हा मावशी ट्रेकडे बघत म्हणाली, “रोप मी चांगलं देते. बाजाराचं माझ्या हातात नाय. आम्हीच एका साली क्रेटच्या क्रेट बांधावर ओतले.” नंतर ते दोन-तीन सेकंदांचं गप्प राहणं, आणि मग ती हळूच म्हणाली, “त्या साली ह्यांचं दुखणं पण होतं.”

त्या दिवसाच्या सगळ्या शूटिंगमध्ये याहून खरं काही नव्हतं. मावसभाऊ म्हणाला, रोपं विकणाऱ्याने टोमॅटो ओतल्याचं सांगायचं का? मला ते सगळंच ठेवायचं होतं. पण ती रोपं विकायला बोलत होती, आयुष्य सांगायला नाही, आणि आम्हीच तिचं कॅमेऱ्याकडचं लक्ष मुद्दाम उडवलं होतं. म्हणून बाहेर पाठवण्याआधी मोबाईल तिच्या हातात दिला.

तिने दोनदा पाहिलं. “बाजाराचं ठेव,” ती म्हणाली. “ओतल्याचंही ठेव, सगळ्यांनीच ओतलेत. ह्यांचं काढ.”

तेवढं काढलं. त्या सांध्यावर आता रोप काढणाऱ्या तिच्या हातांचा शॉट आहे.