फक्त मंगलाष्टकं द्या

बदनापुरात लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करणाऱ्याच्या दुकानात तिथी उरकल्या की एक मागणी हमखास येते. "भाऊ, पूर्ण पिक्चर सावकाश द्या, पण आधी तेवढी मंगलाष्टकं द्या. पोरीच्या आजीला दाखवायचीत." कोणाला फक्त हळद हवी असते, कोणाला वरात, कोणाला पाठवणी. टाइमलाइन पावणेतीन तासांची असते आणि माणसाला हवी असतात त्यातली सात मिनिटं.

ही सात मिनिटं कशी काढायची याबद्दल माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. सिक्वेन्सची नक्कल काढायची, हवा तेवढा भाग ठेवून पुढचं-मागचं सगळं उडवायचं आणि उरलेलं एक्सपोर्ट करायचं. In आणि Out अशा दोन खुणा करून तेवढाच पट्टा बाहेर काढणं मला कामचुकारपणा वाटायचा. दुकानात काम शिकणारी पोरं तसं करायला लागली की मी अडवायचो.

माझ्या आग्रहाला कारण होतं आणि ते आजही मला खोटं वाटत नाही. कापलेली गोष्ट डोळ्यांना दिसते. नकलेत सात मिनिटं उरली म्हणजे सात मिनिटंच बाहेर पडणार. खुणा मात्र टाइमलाइनच्या वरच्या पट्टीवर करड्या रंगात बसून राहतात आणि काम झालं तरी आपसूक जात नाहीत. Premiere Pro मध्ये अशा खुणा असल्या की एक्सपोर्टच्या पानावरची Range सहसा Source In/Out वर येते. DaVinci Resolve च्या Deliver पानावर त्याच जागी In/Out Range दिसतं. मग आठवड्यानं पूर्ण पिक्चर काढायला बसलेला माणूस तिकडे न बघता रेंडर लावून घरी जातो, आणि सकाळी पेन ड्राइव्हवर पुन्हा मंगलाष्टकंच असतात. आमच्या धंद्यात हे घडलेलं मी एकाहून अधिक दुकानांत पाहिलंय.

गंमत अशी की ज्या पद्धतीला मी नाकं मुरडत होतो, तिच्यावरच आमच्या आधीच्या पिढीचं सगळं मिक्सिंग चालायचं. टेपच्या काळात टाइमलाइन नव्हतीच. एका मशीनवर मूळ कॅसेट, दुसऱ्यावर कोरी, आणि मध्ये एडिट कंट्रोलर. मूळ कॅसेटवर In आणि Out ठरवायचा, दुसरीकडे कुठून उतरवायचं तो In द्यायचा. मशीन काही सेकंद मागं जायचं, वेग पकडायचं आणि नेमकं त्या दोन खुणांमधलं चित्र उतरवून थांबायचं. मूळ कॅसेट कापायचा प्रश्नच नव्हता. कापायची सवय आम्हाला कॉम्प्युटरनं लावली, कारण तिथं कापणं फुकट होतं.

माझं मत हललं ते एका मामाच्या नावामुळे. एका लग्नाच्या मी चार नकला काढल्या होत्या: हळद, मंगलाष्टकं, वरात आणि पाठवणी. सगळं तयार झाल्यावर मुलीकडून फोन आला की नावांच्या पट्टीत थोरल्या मामांचं आडनाव चुकलंय. आमच्याकडं मामाचं नाव चुकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मुख्य टाइमलाइनवर ते दुरुस्त झालं. पण पट्टी हळदीतही होती आणि मंगलाष्टकांतही, आणि नकला आता स्वतंत्र झाल्या होत्या. एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडं पोचत नव्हती. त्यापाठोपाठ मंडपातल्या लाल दिव्यानं बिघडलेला रंग सुधारायला सांगितला, तोही तितक्याच ठिकाणी. कामाला लागून थोडेच दिवस झालेला पोरगा शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, "दादा, पण आपण हे कापतोच कशाला?" मला त्या वेळी पटेल असं उत्तर सुचलं नाही.

नंतर मी कापलेल्या नकला नीट बघितल्या, तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. मंगलाष्टकांच्या खालून सनईचा एक लांब ट्रॅक हळदीपासून चालत आलेला असतो, आवाज कुठं चढवलेला, कुठं उतरवलेला. त्या ट्रॅकवर कात्री चालवून मागचा भाग उडवला की कापाच्या जागचं ट्रान्झिशन जातं. एखादा ट्रॅक लॉक राहून गेला आणि रिपल डिलीट केलं, तर बाकीचे ट्रॅक सरकतात आणि तो जागेवर राहतो. मग गुरुजींचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. खुणांच्या पद्धतीत टाइमलाइनला हातच लागत नाही. मिसळलेला आवाज, रंग, पट्ट्या, सगळं जिथल्या तिथं राहतं आणि सॉफ्टवेअर फक्त दोन खुणांमधली फ्रेम न् फ्रेम मोजून बाहेर काढतं.

तिसराही एक मार्ग लोक वापरतात, तयार झालेल्या एमपी4 मधूनच तुकडा तोडण्याचा. पुन्हा एन्कोड केलं तर दर्जा दुसऱ्यांदा घसरतो. एन्कोड न करता तोडलं तर बहुतेक वेळा तुकडा की-फ्रेमपासूनच सुरू करावा लागतो, आणि की-फ्रेम आपल्याला हव्या त्या अक्षतेवर नसते. टाइमलाइनवरून घेतलेला तुकडा मूळ क्लिपमधून थेट तयार होतो, म्हणून ही अडचण येत नाही.

आता मी करतो ते असं. प्लेहेड पहिल्या फ्रेमवर नेऊन I दाबायचं, शेवटच्या फ्रेमवर नेऊन O. ही शेवटची फ्रेम म्हणजे कोणती, इथंच बहुतेकांचं फसतं. Premiere आणि Resolve दोन्हींत Out ची फ्रेम तुकड्यात धरली जाते. आपण बाणाच्या कीनं पुढच्या कापावर उडी मारतो, तेव्हा प्लेहेड पुढच्या क्लिपच्या पहिल्या फ्रेमवर उभा असतो. तिथं O दाबलं की त्या क्लिपची एक फ्रेम तुकड्याच्या शेपटीला येते. आपल्याकडच्या 25 फ्रेमच्या सिक्वेन्समध्ये ती एका सेकंदाचा पंचविसावा भाग टिकते, पण डोळ्याला झटका बसतो. शेवटची अक्षता पडते आणि क्षणभर पंगतीतलं ताट चमकतं. उपाय साधा आहे: उडी मारल्यावर डावा बाण एकदा दाबून एक फ्रेम मागं यायचं आणि मग O. सॉफ्टवेअर नवीन असेल तर एकाच फ्रेमवर I आणि O दोन्ही दाबून बघावं. कालावधी 00:00:00:01 दिसला तर Out धरला जातो.

एक उदाहरण मांडतो. मंगलाष्टकं सुरू होतात 01:12:08:10 ला आणि संपतात 01:19:42:03 ला. वजाबाकी येते 7 मिनिटं 33 सेकंद 18 फ्रेम, आणि शेवटची फ्रेम धरून 00:07:33:19. हा आकडा एक्सपोर्टच्या पानावर दिसलाच पाहिजे. व्हिडिओ 8 Mbps वर काढतोय म्हणजे सेकंदाला साधारण 1 MB, म्हणून फाइल 450 MB च्या थोडी वर जाईल. पुढच्या वेळी पूर्ण 2 तास 46 मिनिटांचं पिक्चर काढताना अंदाजे आकार 10 GB च्या आसपास दिसायला हवा. तिथं 450 MB दिसलं तर जुन्या खुणा अजून बसलेल्या आहेत. ज्या विसरभोळेपणाच्या भीतीनं मी इतकी वर्षं कापत आलो, त्याला हा आकडा पुरतो. रेंडर लावायच्या आधी तो बघायचा, आणि तुकडा निघाला की खुणा पुसायच्या. Resolve मध्ये Alt+X, Windows वरच्या Premiere मध्ये Ctrl+Shift+X.

पेन ड्राइव्हसाठीही आता हीच पद्धत आहे. गावाकडचे बरेच जुने टीव्ही FAT32 चाच पेन ड्राइव्ह वाचतात आणि त्यात एक फाइल 4 GB पेक्षा मोठी बसत नाही. 8 Mbps ला ते साधारण 71 मिनिटं होतात, आवाज धरून आणखी थोडी कमी. म्हणून मी तासाच्या आत, एखाद्या फेडवर भाग तोडतो. इथं पुन्हा तोच नियम: पहिल्या भागाचा Out ज्या फ्रेमवर, दुसऱ्याचा In त्याच्या पुढच्या फ्रेमवर. दोन्ही एकाच फ्रेमवर ठेवले तर ती फ्रेम दोनदा येते.

पण खुणांना एक खोड आहे, ती सांगितली पाहिजे. त्या क्लिपला नाही, वेळेला चिकटलेल्या असतात. शेताला चिकटलेल्या बांधासारख्या नव्हे, तर रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडासारख्या. सुरुवातीला गणपतीचा 8 सेकंदांचा शॉट घुसवला आणि सगळं पुढं सरकलं, तरी खुणा जुन्या टाइमकोडवरच राहतात. मंगलाष्टकांच्या तुकड्यात मग आधीचे 8 सेकंद येतात आणि शेवटचे 8 तुटतात. कालावधी तोच दिसतो, आकार तोच दिसतो, त्यामुळे वरच्या आकड्यानं हे पकडता येत नाही. त्यासाठी Shift+I आणि Shift+O दाबून दोन्ही टोकांची चित्रं डोळ्यांनी बघावी लागतात. शिवाय एका टाइमलाइनवर एका वेळी खुणांची एकच जोडी राहते. चार तुकडे हवे असतील तर एकेकाची जोडी लावून तो रेंडरच्या रांगेत टाकायचा, मग पुढची जोडी. रांग पूर्ण निघेपर्यंत मी टाइमलाइनला हात लावत नाही आणि पोरांनाही लावू देत नाही.

नक्कल काढणं मी पूर्ण सोडलेलं नाही. मोबाइलच्या स्टेटससाठी उभी 9:16 ची क्लिप हवी असते, तेव्हा चौकट बदलते, नवरा-नवरी मध्ये आणावी लागतात, पट्टी वर सरकवावी लागते, आणि बहुतेक वेळा शॉटचा क्रमही फिरवावा लागतो. ते वेगळंच मिक्सिंग आहे आणि त्याला वेगळी सिक्वेन्सच लागते. फक्त तीही मी आता सगळ्यात शेवटी काढतो, मामांची नावं घरच्यांनी वाचून होकार दिल्यावर.